व्हायव्हा शुक्रवारी: चौथं प्रकरण, दोन मिनिटांत, तोंडी

मृण्मयी_ऐरोली (रविवार, रात्री 10:40)

समाजशास्त्रातली माझी पीएचडीची खुली मौखिक परीक्षा येत्या शुक्रवारी आहे. काल गाईडचा फोन आला. अध्यक्षांनी सांगितलंय की नेहमीचं वीस मिनिटांचं सादरीकरण नको. प्रबंध सगळ्यांनी वाचलाय, तर प्रत्येक प्रकरणावर दोन मिनिटं बोला, पडद्यावर काही नको, आणि मग प्रश्न.

पहिली तीन प्रकरणं कशीबशी बसली. चौथ्यावर अडलेय. ते 58 पानांचं आहे आणि खरा प्रबंध तिथेच आहे असं मला वाटतं. विषय असा, की नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या घरांना पुढे त्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतके भूखंड मिळाले, तेव्हा त्या घरांतल्या लग्न झालेल्या मुलींच्या वाट्याचं काय झालं. तीन गावांतली 41 घरं मी घेतली. 29 घरांत बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिलं होतं. त्या पत्रांच्या तारखा आणि बहिणींच्या मुलाखती, हा प्रकरणाचा गाभा.

माझ्या मसुद्याची सुरुवात अशी आहे:

"प्रस्तुत प्रकरणाचे शीर्षक 'प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील वारसा, लिंगभाव आणि भूखंडाचे पुनर्वाटप' असे असून सदर प्रकरण सहा उपविभागांत विभागलेले आहे. पहिल्या उपविभागात 1970 साली झालेली सिडकोची स्थापना, तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांचे भूसंपादन व त्याची पार्श्वभूमी यांचा आढावा घेतला असून..."

एकूण 395 शब्द. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर 3 मिनिटं 25 सेकंद. भरभर म्हणून पाहिलं, 2 मिनिटं 50 झाली, पण ऐकताना मलाच धाप लागली. काय कापू? जे कापायला जाते ते महत्त्वाचं वाटतं.

केदार78 (रविवार, रात्री 11:05)

यासाठी तयार नमुना आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, आता ती जगभर होते. तिथलं तंत्र सरळ उचल. सुरुवातीला एखादी गोष्ट, नाट्यमय प्रश्न, "कल्पना करा की तुम्ही एक लग्न झालेली मुलगी आहात" असं काहीतरी. पारिभाषिक शब्द एकही नको, शेजारच्या काकूंना कळलं पाहिजे. मी आमच्या कॉलेजात दुसरा आलो होतो.

आणि कायदाही एका वाक्यात येऊ दे: 2005 च्या आधी मुलींना हक्कच नव्हता, म्हणून त्यांनी सोडला. विषय संपला.

पाटीलबुवा_तुर्भे (सोमवार, सकाळी 6:20)

साडेबारा टक्क्याबद्दल काय पायजेल ते विचार पोरी. आमचा पलाट आला, बिल्डिंग पण झाली. फाईल सगळी माझेकडं हाय. तुझी फाईल कुठं अडकली? वारस दाखला काढला का? तो आधी कोर्टातून काढायला लागतो. आणि साडेबारा बोलतात खरं, पण त्यातनं पावणेचार सार्वजनिक सोयीला कापून हातात पावणेनऊच येतात, ते धरून चाल.

मृण्मयी_ऐरोली (सोमवार, सकाळी 7:10)

काका, माझी फाईल नाही, माझा प्रबंध आहे :) पण पावणेनऊचं बरं आठवण करून दिलंत. ते तळटीपेत आहे, तोंडावर यायला हवं.

जुनी_खिडकी (सोमवार, सकाळी 9:30)

मृण्मयी, मी तीस वर्षं शिकवलं आणि अशा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बऱ्याचदा बसले. आता तलावपाळीला चकरा मारते. तिथून सांगते.

केदार सांगतोय ते अर्धं बरोबर आहे. मुद्दा एकच ठेवायचा, हे खरं. पण ती स्पर्धा अनोळखी श्रोत्यांसाठी असते. तुझ्या समोरच्या माणसांनी प्रबंध वाचलाय, निदान बाहेरच्या परीक्षकांनी तरी, कारण त्यांनी अहवाल लिहून दिलाय. त्यांना "कल्पना करा" म्हणालीस तर ते चष्मा काढून पुसायला लागतील. "हक्कसोड पत्र" हा शब्द टाळू नकोस, तोच तुझा विषय आहे.

मग वाचलेल्या माणसाला दोन मिनिटं कशाला हवीत? वाचून त्याला दोनतीन महिने झालेले असतात. त्याच्या टिपणवहीत तुझ्या चौथ्या प्रकरणासमोर दोन-तीन खुणा आहेत. तो ऐकतो ते एवढ्यासाठी, की आपल्या 58 पानांतलं नेमकं म्हणणं काय हे या मुलीला माहीत आहे का, आणि आपली खूण तिच्याही लक्षात आहे का. तुझ्या मसुद्यात अनुक्रमणिका आहे. ती त्याच्यासमोर छापील आहेच. पहिली चाळीस सेकंदं तू शीर्षक आणि पार्श्वभूमीवर घालवतेस आणि निष्कर्ष, मला वाटतं, तिसऱ्या मिनिटात येतो. दुसऱ्या मिनिटाला अध्यक्ष हात वर करतील. म्हणजे जे सांगायला आलीस तेच राहील.

हिशोब तुझ्याच आकड्यांवरून कर. 205 सेकंदांत 395 शब्द, म्हणजे मिनिटाला सुमारे 115. हा तुझा सहज वेग आहे, तो बदलायला जाऊ नकोस. दोन मिनिटांत 230 बसतील. पण तिथे घसा खाकरणार, "अध्यक्ष महोदय" म्हणणार, पान उलटणार. 210 च्या वर लिहू नकोस.

आता कापाकापी बाजूला ठेव. प्रबंध मिट आणि मला एका वाक्यात सांग: हे प्रकरण लिहिण्याआधी तुला जे माहीत नव्हतं आणि लिहिल्यावर कळलं, ते काय?

मृण्मयी_ऐरोली (सोमवार, दुपारी 1:15)

मॅडम, अर्धा तास लागला. असं आलं:

"मला वाटायचं मुली हक्क सोडतात ते वडील गेल्यावर, दिवसकार्याच्या आसपास, रीत म्हणून. पण 29 पैकी 24 हक्कसोडं वडिलांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, भूखंडाचं वाटपपत्र आल्यावर झालेली आहेत."

जुनी_खिडकी (सोमवार, दुपारी 1:40)

छान. हे मी वाचलं असतं तर खूण केली असती, आणि ती खूण अशी:

जमीन सत्तरच्या दशकातच गेली होती. भूखंडाचा हक्क नव्वदच्या दशकात आला. मधल्या काळात सोडण्यासारखं हातात होतंच काय? जी वस्तू नाही तिच्यावरचा हक्क कोण सोडेल? मग हक्कसोड वाटपानंतर झाली यात शोध कसला?

रागावू नकोस. शुक्रवारी हा प्रश्न येणार, पहिल्या पाचात येणार.

मृण्मयी_ऐरोली (सोमवार, दुपारी 1:52)

पोटात गोळा आला.

वकीलबाई_नौपाडा (सोमवार, संध्याकाळी 7:30)

दिवसभर कोर्टात होते, आत्ता वाचलं. आधी केदार, तुमचं कायद्याचं वाक्य तिच्या तोंडी घालू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गाची वारस आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या वाट्यात तिचा हिस्सा तेव्हापासून आहे. 2005 ला बदललं ते वेगळं: वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्मापासून मुलासारखी सहदायाद झाली. महाराष्ट्राने हे 1994 मध्येच केलं होतं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. हक्कच नसता तर हक्कसोड पत्र नोंदवून घ्यायला कुणी दुय्यम निबंधकाकडे कशाला गेलं असतं?

मृण्मयी, दोन मिनिटांत कायदा आणूच नका. अर्धवट आणलात तर उरलेला वेळ तोच दुरुस्त करण्यात जाईल. वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून ठेवा, विचारलं तर सांगा.

आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच कागदांत असणार. भूखंडासाठी अर्ज केला तेव्हा वारस म्हणून कुणाची नावं होती? बहिणींची होती का?

मृण्मयी_ऐरोली (सोमवार, रात्री 9:05)

होती! आत्ता तक्ता उघडून बसलेय. वडील वारलेल्या घरांत वारस दाखल्यावर आणि अर्जावर बहिणींची नावं लागलेली आहेत. म्हणजे अर्जाच्या वेळी नाव ठेवलं, हक्क कागदावर मान्य केला. हक्कसोड तेव्हाही करता आली असती. पाच घरांनी केलीच आहे. उरलेल्या 24 घरांत ती वाटपपत्र आल्यावर झाली, आणि त्यातली बरीच बिल्डरशी त्रिपक्षीय करार व्हायच्या थोडी आधी.

म्हणजे मी चुकीच्या तारखेशी तुलना करत होते. वडिलांच्या मृत्यूची तारीख नको, अर्जाची हवी. प्रकरणात तक्ता क्रमांक 4.3 मध्ये हे आहे, पण मी त्यावर एकच परिच्छेद लिहिलाय आणि मृत्यूच्या तारखेवर चार पानं.

जुनी_खिडकी (सोमवार, रात्री 9:20)

आता बोल. अर्जाला नाव लागलं, वाटपाला निघालं. हे सांगायला पंचवीस सेकंद लागतात आणि यावर बाहेरचा माणूस पुढे सरकून बसतो.

फक्त प्रबंधात जे चार पानं लिहिलंय ते नाकारल्यासारखं बोलू नकोस. "तक्ता 4.3 मध्ये दिलेल्या तारखांवरून" असं म्हण. जे छापलंय त्यावरच बोट ठेवायचं. नवा निष्कर्ष व्हायव्हात जन्माला आलाय असं दिसलं तर "मग प्रबंधात का नाही" हा प्रश्न ओढवून घेशील.

सोहम_घणसोली (सोमवार, रात्री 10:10)

मी रसायनशास्त्रवाला, गेल्या वर्षी यातून गेलो. माझं काय झालं सांगतो. दोन मिनिटांचं पाठ केलं होतं, अगदी स्वल्पविरामासकट. तिसऱ्या वाक्याला दार उघडून चहावाला आला, अध्यक्षांनी "चालू द्या" म्हटलं, आणि मला पुढचं वाक्यच आठवेना. पाठांतर साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की सगळं खाली. शेवटी पहिल्यापासून सुरू केलं. लाज वाटली.

तेव्हा पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा. मधल्यासाठी एका कार्डावर पाच-सहा शब्द. कार्ड हातात धरायचं, टेबलावर नाही, नाहीतर मान खाली जाते.

दुसरं. मित्रांसमोर बोलल्यावर "कसं झालं" विचारू नका, सगळे "मस्त" म्हणतात. "आता तू मला काय विचारशील" असं विचारा. प्रश्न तुमच्या निष्कर्षावर आला तर निष्कर्ष पोचला. "मग तुम्हाला नक्की काय सापडलं" असा आला, तर लिहून झालेलं फाडायचं.

आमच्याकडे आलेख असतो, एका रेषेकडे बोट दाखवलं की अर्धं काम होतं. तुमच्याकडे पडदा नाही म्हणताय, ते अवघड आहे खरं.

पाटीलबुवा_तुर्भे (मंगळवार, सकाळी 6:05)

आता समजलं तुझं काय चाललंय. एक बोलू? आमचे ताईनं पण सही दिली. स्वखुशीनं दिली. आम्ही भाऊ काय जबरदस्ती करणारे नाय. भाऊबीजेला येते, सगळं नीट हाय. तू पुस्तकात लिवशील "हिरावून घेतला", मग आमचेसारख्यांनी काय समजायचं?

मृण्मयी_ऐरोली (मंगळवार, सकाळी 8:00)

काका, "हिरावून घेतला" असं मी कुठेच लिहिलेलं नाही. पण तुमचं वाचून मसुदा पुन्हा पाहिला. तिथे "मुलींना हक्क सोडायला भाग पाडले गेले" असं एक वाक्य आहे. प्रकरणात ते तसं नाही, तिथे मी सात पानं खर्चून गुंतागुंत मांडलीय. लहान करायच्या नादात गुंतागुंत गेली आणि आरोप राहिला.

वकीलबाई_नौपाडा (मंगळवार, सकाळी 8:45)

माझं मत वेगळं आहे. दबाव होताच हे आम्ही रोज बघतो. "स्वखुशीने" हा शब्द प्रत्येक हक्कसोड पत्रात छापलेला असतो, त्यावरून खुशी सिद्ध होत नाही. एवढं मऊ करू नका की म्हणणंच उरणार नाही.

जुनी_खिडकी (मंगळवार, सकाळी 10:15)

वकीलबाई, कोर्टात तुम्हाला बाजू घ्यावी लागते. इथे तिला जेवढा पुरावा तेवढंच बोलावं लागतं. तारखांवरून तिला वेळ सांगता येते, मन सांगता येत नाही. मृण्मयी, बहिणी स्वतः कोणते शब्द वापरतात? ते घे. क्रियापद त्यांचंच असू दे, मग तुला "सोडला" की "सोडावा लागला" हे ठरवावंच लागणार नाही.

वकीलबाई_नौपाडा (मंगळवार, सकाळी 10:30)

पटलं नाही, पण कळलं.

शुभांगी_वाशी (मंगळवार, दुपारी 12:00)

मध्येच विचारते. बाहेरचे परीक्षक अमराठी असले तर? माझ्या बहिणीचे बेंगळुरूचे होते. प्रबंध मराठीत, आणि ऐन वेळी अध्यक्ष म्हणाले, इंग्रजीत सांगा.

मृण्मयी_ऐरोली (मंगळवार, दुपारी 12:20)

माझे परीक्षक मराठी वाचतात, पण घरची भाषा कन्नड आहे असं गाईड म्हणाले. बोलायचं मराठीतच ठरलंय. त्यावरून एक अडचण लक्षात आली: एक्केचाळीस, एकोणतीस, चोवीस. तीन आकडे ओळीने म्हणताना माझीच जीभ अडखळते. काल एकदा "एकोणचाळीस" म्हणून गेले. ज्याला मराठी आकडे सवयीचे नाहीत त्याचं काय होत असेल.

केदार78 (मंगळवार, दुपारी 12:45)

41 चं "चाळीसेक" कर की.

सोहम_घणसोली (मंगळवार, दुपारी 1:00)

अजिबात नको! प्रबंधात 41 आणि तोंडी चाळीसेक? आमच्याकडे यावर फाडून खातील.

जुनी_खिडकी (मंगळवार, दुपारी 3:30)

41 राहू दे, पण एकेक आकडा वेगळ्या वाक्यात, आणि प्रत्येकाच्या आधी थोडं थांबायचं. मसुद्यात आकडे अक्षरात लिही, डोळा अंकावर पडला की तोंड घाई करतं. "एकोणतीसपैकी चोवीस" हा एकच आकडा त्यांनी वहीत टिपावा अशी इच्छा आहे, म्हणून तो दोनदा आला तरी चालेल.

आणि चालत म्हणून बघ. बसून सगळ्यांचा श्वास पुरतो. चालताना जिथे वाक्याच्या मधोमध श्वास घ्यावा लागतो ते वाक्य लांब आहे, दोन कर.

मृण्मयी_ऐरोली (बुधवार, रात्री 11:20)

आज संध्याकाळी खाडीकडच्या रस्त्याने तीन फेऱ्या मारत म्हटलं. एका आजोबांनी "कुणाशी भांडतेस" विचारलं. दोन वाक्यांची पाच झाली. आता हे असं आहे, पावणेदोनशेच्या आसपास शब्द, तीनदा मोजलं तर 1:46, 1:51, 1:48:

"चौथ्या प्रकरणाचा प्रश्न असा आहे: साडेबारा टक्क्यांचा भूखंड घरात आला, तेव्हा लग्न झालेल्या मुलींचा त्यातला वाटा कधी सुटला आणि कसा?

मी तीन गावांतली एक्केचाळीस घरं पाहिली. त्यांतल्या एकोणतीस घरांत बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिलं होतं. प्रत्येक पत्राची तारीख मी दोन तारखांशेजारी ठेवली. एक भूखंडासाठी केलेल्या अर्जाची, दुसरी वाटपपत्राची. हे तक्ता चार-तीनमध्ये आहे.

अर्ज करताना वारस म्हणून बहिणींची नावं लागली होती. हक्क तेव्हा सोडता आला असता. एकोणतीसपैकी चोवीस घरांत तो सुटला वाटपपत्र हातात आल्यावर.

म्हणून या प्रकरणाचं म्हणणं असं: हक्क सोडण्याची वेळ वडिलांच्या मृत्यूने किंवा रीतीने ठरली नाही, ती भूखंडाच्या कागदाने ठरवली. मिळकत विकता येण्याजोगी झाली, तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या लागल्या. त्या सह्यांसाठी बहिणींना बोलावणं गेलं.

बहिणी हे तीन तऱ्हेने सांगतात. कुणी म्हणतं 'दिला'. कुणी म्हणतं 'सोडला'. कुणी नुसतंच 'सही केली'. कोणता शब्द येतो, ते आज माहेरी येणंजाणं कसं आहे यावरून बदलताना दिसतं.

एक मर्यादा. या घरांपर्यंत मी बचत गटांमार्फत पोचले. त्यामुळे ज्यांचं माहेर तुटलं अशा बहिणी माझ्याकडे कमी आहेत. सक्ती किती होती, याचं प्रमाण हे प्रकरण देऊ शकत नाही.

तिसऱ्या प्रकरणात जमीन जाताना कुटुंब एकत्र होतं. पाचव्यात भूखंडाच्या पैशाने ते वेगळं झालेलं दिसतं. चौथं प्रकरण या दोन्हींमधल्या सहीचं आहे."

शीर्षक गेलं, 1970 गेलं, 95 गावं गेली, कायदा गेला. मुलाखतीतलं एक अवतरण होतं, फार आवडतं मला, तेही गेलं.

जुनी_खिडकी (गुरुवार, सकाळी 7:15)

अवतरण गेल्याचं मला वाईट वाटलं. एका बाईचं एक वाक्य पाच सेकंदात होतं. पण तुझी तीन क्रियापदं त्याचं काम करतात, तेव्हा हट्ट धरत नाही.

मर्यादेची जागा चांगली आहे. ती शेवटचं वाक्य असती तर परीक्षक तिथूनच सुरू करते. मात्र एक लक्षात ठेव, मर्यादा बोललीस म्हणजे ते दार तू उघडलंस. "तुटलेल्या बहिणींपर्यंत कशा पोचला असतात" याचं उत्तर हवं. आणि उरलेल्या बारा घरांचंही, ज्यांत हक्कसोड झालीच नाही. ती तू बोललीच नाहीस, आणि वजाबाकी सगळ्यांना येते.

केदार78 (गुरुवार, सकाळी 9:00)

मला अजून वाटतं सुरुवात कोरडी आहे. पण ठीक.

सोहम_घणसोली (गुरुवार, सकाळी 9:40)

काल रात्री माझ्या रूममेटला वाचून दाखवलं, तो मेकॅनिकलचा. विचारलं, तू काय विचारशील? म्हणाला, "ज्या पाच जणींनी आधीच सोडला त्या कोण?" म्हणजे पोचलं.

मृण्मयी_ऐरोली (शुक्रवार, रात्री 8:30)

झालं! दुरुस्त्या किरकोळ आहेत, एक महिना दिलाय.

चौथ्या प्रकरणाला 1 मिनिट 55 लागली, कारण "एकोणतीसपैकी" ला थांबले ते जरा जास्तच थांबले. बाहेरच्या परीक्षकांनी आकडा वहीत लिहिलेला मला दिसला. पहिला प्रश्न पाच जणींवर आला, सोहम, तुझ्या रूममेटला वडापाव. त्या पाचही घरांत भावांची आपसात वाटणी आधीच झाली होती, हे सांगता आलं. दुसरा बारा घरांवर. तिथे मात्र मी गडबडले. त्यांतली सात घरं अशी आहेत की भूखंड विकलाच नाही, म्हणून सही लागली नाही, एवढं सांगितलं. उरलेल्या पाचांत बहिणींनी नकार दिला की भावांनी विचारलंच नाही, हे मला सांगता येईना. परीक्षक म्हणाले, मुलाखती पुन्हा वाचा, दुरुस्तीत एक परिच्छेद घाला. कायद्यावर अध्यक्षांनी विचारलं, वकीलबाई, तुमच्या चार ओळी जशाच्या तशा म्हटल्या. पावणेनऊ कुणी विचारलं नाही, काका.

वकीलबाई_नौपाडा (शुक्रवार, रात्री 9:00)

अभिनंदन डॉक्टरबाई. दबावाबद्दल काही निघालं का?

मृण्मयी_ऐरोली (शुक्रवार, रात्री 9:10)

निघालं. गाईड आणि परीक्षक दोघांचं त्यावर एकमत झालं नाही. मी गप्प बसले.

पाटीलबुवा_तुर्भे (शनिवार, सकाळी 6:15)

अभिनंदन पोरी. तुझं ते तीन शब्दांचं वाचलं आणि काल ताईला फोन केला. इचारलं, तू काय बोलशील, दिला का सोडला? जरा वेळ बोललीच नाय. मग म्हणाली, त्या दिवशी कचेरीत बसायला जागा नव्हती, उभ्यानंच सही केली, पेन तुझं होतं.